जुनी संहिता, नवी टीका आणि आपला निबंध



नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील अभ्यासकेंद्रांवरून येणारे मराठीचे स्वाध्याय तपासताना एक उलटापालट मला वारंवार आढळते. प्राचीन ग्रंथातील उतारा विद्यार्थी अगदी मोकळेपणाने देतो. तो कोणत्या आवृत्तीतून घेतला, कोणत्या पानावरून घेतला, हे मात्र सांगत नाही. विचारले तर उत्तर येते की ग्रंथ सातशे वर्षांपूर्वीचा आहे, तो सर्वांचाच आहे, त्याचा संदर्भ कशाला? आधुनिक समीक्षकाचे पुस्तक हाती असले की हाच विद्यार्थी बिचकतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘सर्व हक्क सुरक्षित’ असे छापलेले त्याने वाचलेले असते. म्हणून तो समीक्षकाचे नाव गाळतो, वाक्यातील चार शब्द बदलतो आणि मत आपलेच असल्यासारखे लिहून टाकतो. त्याच्या दृष्टीने तो कायदा पाळत असतो. माझ्या मते मात्र या दोन्ही ठिकाणी त्याने नेमके उलटे केलेले असते.

या गोंधळाचे मूळ असे की दोन वेगळे प्रश्न एकच समजले जातात. एखादा मजकूर छापण्याचा, विकण्याचा, त्याच्या प्रती काढण्याचा अधिकार कोणाचा, हा स्वामित्वहक्काचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कायदा देतो आणि ठरावीक वर्षांनी तो हक्क संपतो. एखादे वाक्य, एखादा पाठ, एखादे मत कोठून आले, हा संदर्भाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अभ्यासशास्त्र देते आणि त्याला मुदत नसते. हक्क संपला म्हणून संदर्भाची गरज संपत नाही, तसेच हक्क शिल्लक आहे म्हणून उद्धृत करण्याची मनाईही होत नाही.

कायद्याचे गणित प्रथम उरकून घेऊ, कारण ते सोपे आहे. आपल्याकडे १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा लागू आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. १९९१ च्या अखेरीस त्यांच्या ग्रंथांवरील हक्क संपणार होता. त्या निमित्ताने मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली आणि ही वाढ २८ डिसेंबर १९९१ पासून अमलात आली. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ल. रा. पांगारकर हेही १९४१ सालीच निधन पावले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क संपायला तेव्हा तीनच दिवस उरले होते. तो आणखी दहा वर्षे, म्हणजे २००१ च्या अखेरपर्यंत लांबला. आज त्यांचे ग्रंथ हक्कमुक्त आहेत. ‘पण लक्षात कोण घेतो’चे कर्ते हरिभाऊ आपटे १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या कधीच हक्कमुक्त झाल्या. आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे निधन १९८२ सालचे. त्यांचे ‘धार आणि काठ’ हे मराठी कादंबरीचा विचार करणारे पुस्तक ३१ डिसेंबर २०४२ पर्यंत संरक्षित राहील. हरिभाऊंवर निबंध लिहिताना कुरुंदकरांचा आधार घेतला, तर एकाच पानावर एक हक्कमुक्त आणि एक संरक्षित लेखक शेजारी बसतो. त्यात वावगे काहीच नाही. दोघांचीही नावे तेथे असली पाहिजेत, इतकेच.

आता संरक्षित पुस्तकातून किती घेता येते? कायद्याच्या ५२ व्या कलमात उचित वापराची तरतूद आहे. संशोधन, खासगी अभ्यास, समीक्षा किंवा परीक्षण यांसाठी केलेला उचित वापर हा हक्कभंग ठरत नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल आणि परीक्षेतील प्रश्नांना दिलेली उत्तरे यांनाही त्याच कलमात सूट आहे. यात शब्दांची, ओळींची किंवा टक्केवारीची मर्यादा घातलेली नाही. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ असे विद्यार्थी एकमेकांना सांगतात, त्याचा उगम बहुधा दुसरीकडे असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत वाङ्मयचौर्याच्या पातळ्या ठरवताना दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, असे म्हटले आहे. तो नियम चौर्याविषयी आहे, स्वामित्वहक्काविषयी नाही. शिवाय रीतसर संदर्भ देऊन केलेले अवतरण त्या मोजणीतून वगळलेले आहे. म्हणजे ज्याने नाव दिले त्याने टक्केवारीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, आणि ज्याने नाव गाळले त्याच्यासाठीच ती टक्केवारी आहे.

कायदा येथे बाजूला ठेवतो, कारण खरी अडचण जुन्या ग्रंथाची आहे. ‘जुना ग्रंथ’ म्हणून जे आपल्या हाती येते, ती एकसंध वस्तू नसते. उदाहरणासाठी ‘लीळाचरित्र’ घेऊ. माहूर हे महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान. ते नांदेड जिल्ह्यातच आहे, तेव्हा हा ग्रंथ आपल्याला भूगोलानेही परका नाही. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात संकलित केल्या. त्याच्यावर स्वामित्वहक्काचा प्रश्न उद्भवण्याची शक्यताच नाही. परंतु म्हाइंभटाच्या हातची प्रत आपल्यापर्यंत आलेली नाही. परंपरा सांगते की मूळ पोथी धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांनी स्मरणाच्या आधारे लीळा पुन्हा सिद्ध केल्या. त्यामुळे एकाच ग्रंथाचे अनेक पाठ निर्माण झाले. त्यांपैकी काहींना ‘पिढीपाठ’, ‘हिराइसा पाठ’ अशी नावेही आहेत. पुढे ह्या पोथ्या पंथाच्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या आणि शतकानुशतके बाहेरच्या वाचकाला त्या बंदच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केल्यावर हे गद्य अभ्यासकांसमोर आले. त्यानंतर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांनी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या पोथ्यांच्या आधारे लीळाचरित्र संपादित केले.

म्हणून आपण जेव्हा ‘लीळाचरित्रात असे आले आहे’ असे लिहितो, तेव्हा वस्तुतः तीन जण बोलत असतात. पहिला म्हाइंभट, दुसरा पोथी लिहिणारा लेखनिक आणि तिसरा आधुनिक संपादक. संपादकाने अनेक पाठांतून एक पाठ स्वीकारला, उरलेले पाठभेद तळटीपेत टाकले, लीळांना क्रमांक दिले, विरामचिन्हे घातली, कठीण शब्दांचे अर्थ दिले, प्रस्तावना लिहिली. लीळांचे क्रमांक सर्व आवृत्त्यांत सारखे नाहीत. एका संपादकाची अमुक क्रमांकाची लीळा दुसऱ्याच्या पुस्तकात पुढे किंवा मागे असते, कधी तिचा मजकूर लांब किंवा आखूड असतो. तेव्हा केवळ क्रमांक देऊन संपादकाचे नाव न देणे म्हणजे गावाचे नाव न लिहिता घर क्रमांक लिहून पत्र टाकण्यासारखे आहे.

यातील कोणता भाग हक्कमुक्त आणि कोणता संरक्षित? म्हाइंभटाचा शब्द मुक्त आहे. तुळपुळे यांचे निधन १९९४ चे, तेव्हा त्यांची प्रस्तावना, टिपा, शब्दार्थ हे त्यांचे स्वतःचे लेखन २०५४ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. मधला भाग, म्हणजे संपादकाने निवडलेला पाठ आणि केलेली मांडणी, हा वादाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात न्यायनिर्णयांच्या छापील संग्रहांबाबत एक रेषा आखली. निर्णयाचा मूळ मजकूर कोणाच्याही मालकीचा नाही. मात्र संपादकाने स्वतःचे कौशल्य आणि निर्णयशक्ती वापरून केलेली परिच्छेदांची रचना व क्रमांकन यांसारखी भर संरक्षणास पात्र आहे, असे न्यायालयाने मानले. तो खटला कायद्याच्या ग्रंथांचा होता, पोथ्यांचा नव्हे. तरीही पाठसंपादनाला तोच तर्क लावावा असे मला वाटते. दहा पोथ्या समोर ठेवून एक शब्द निवडणे हे निर्णयशक्तीचेच काम आहे.

आपल्या निबंधाच्या दृष्टीने या वादाचा निकाल काहीही लागला तरी फरक पडत नाही. चार-सहा ओळींचे अवतरण दोन्ही बाजूंनी निर्वेध आहे. संपादकाचे नाव मात्र दोन्ही बाजूंनी आवश्यक आहे, आणि त्याचे कारण शिष्टाचारापेक्षा मोठे आहे. मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी असल्याने ते कारण भाषेच्या बाजूने सांगतो. समजा, आपण यादवकालीन मराठीची रूपे दाखवत आहात. ‘झाला’ऐवजी ‘जाला’, ‘म्हणून’ऐवजी ‘म्हणौनि’, अकारान्त पुल्लिंगी नामाच्या शेवटी येणारा उकार किंवा ओकार, ही त्या काळची खूण आहे. परंतु आपण ज्या पुस्तकातून उतारा घेतला, ते सुबोध आवृत्तीचे असेल आणि संपादकाने वाचकांच्या सोयीसाठी रूपे आधुनिक केली असतील, तर आपल्या निबंधाचा पायाच ढासळतो. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हे अधिक जाणवते. पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. आज पारायणासाठी घरोघरी असलेल्या बहुतेक प्रती त्याच परंपरेतून आलेल्या आहेत. राजवाड्यांनी १९०९ साली जी प्रत छापली, ती एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता, आणि तिच्यातील रूपे पारायणाच्या प्रतीहून बरीच वेगळी आहेत. दोन्ही छापील पुस्तके ‘ज्ञानेश्वरी’च आहेत आणि दोन्हींतील मूळ ओव्या हक्कमुक्त आहेत. पण तेराव्या शतकातील प्रत्ययांविषयी विधान करताना कोणती प्रत समोर होती हे न सांगणारा निबंध वाचकाला तपासताच येत नाही. एकनाथांनी पाठशुद्धीनंतर आपल्या पदरची ओवी यात कोणी घालू नये असे बजावले होते. स्वामित्वहक्क ही कल्पना आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण करून पाहू. समजा, किनवटची एक विद्यार्थिनी ‘लीळाचरित्रातील गद्याची वैशिष्ट्ये’ या विषयावर निबंध लिहीत आहे. तिच्यासमोर तीन गोष्टी आहेत. ग्रंथालयातून मिळालेले तुळपुळे यांनी संपादित केलेले लीळाचरित्र, बाजारात मिळणारे एक मार्गदर्शक आणि मोबाइलवर उतरवून घेतलेले वि. ल. भावे यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’.

तिने सर्वप्रथम मूळ ग्रंथ उघडावा. मार्गदर्शक उघडले की त्यातील सहा-सात वैशिष्ट्यांची यादी डोक्यात बसते आणि मग मूळ ग्रंथात तीच दिसू लागतात. एखादी लहान, संवाद असलेली लीळा तिने निवडावी आणि तीन-चार ओळी जशाच्या तशा उतरून घ्याव्यात. ऱ्हस्वदीर्घ आपल्या सवयीप्रमाणे दुरुस्त करू नयेत. जुन्या लेखनातील ‘चूक’ ही बहुधा चूक नसते, ती साक्ष असते. मग त्या ओळींतून तिला स्वतःला काय दिसते ते लिहावे. वाक्ये किती शब्दांची आहेत? क्रियापद कोठे येते? बोलणाऱ्याचे नाव आधी येते की बोलणे आधी? ‘मग’ हा शब्द कथनाची गती कशी सांभाळतो? ही निरीक्षणे तिची स्वतःची आहेत आणि त्यांना कोणाच्याही नावाची गरज नाही. तळटीपेत तिने लिहावे: म्हाइंभट, लीळाचरित्र, संपादक शं. गो. तुळपुळे, त्यापुढे एकांक, पूर्वार्ध की उत्तरार्ध ते, लीळेचा क्रमांक, पृष्ठ आणि हाती असलेल्या आवृत्तीचे साल. साल पुस्तकाच्या आतल्या पानावरून घ्यावे, मुखपृष्ठावरून नव्हे. पुनर्मुद्रण असेल तर तसे नोंदवावे.

यानंतर एखाद्या कठीण शब्दाचा अर्थ तिला तळटीपेत मिळाला. तो अर्थ म्हाइंभटाने दिलेला नाही, तुळपुळे यांनी दिला आहे. तेव्हा ‘तुळपुळे यांनी या शब्दाचा असा अर्थ घेतला आहे’ असे तिने लिहावे. आपल्या विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक गफलत येथेच होते, कारण एकाच पानावर वर म्हाइंभट आणि खाली संपादक असतो आणि दोघांमध्ये फक्त एक बारीक रेघ असते.

आता भावे. त्यांचे निधन १९२६ चे असल्याने त्यांचे लेखन हक्कमुक्त आहे, आणि म्हणूनच ते मोबाइलवर सहज मिळते. परंतु ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या पुढच्या आवृत्त्यांना तुळपुळे यांची पुरवणी जोडलेली आहे. एकाच बांधणीत पुढचा भाग मुक्त आणि मागचा संरक्षित, अशी ही स्थिती आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मत कोणाचे ते वेगळे करणे. पुरवणीतील विधान भाव्यांच्या नावावर टाकले, तर भाव्यांच्या मृत्यूनंतर उजेडात आलेल्या गोष्टी त्यांच्या तोंडी घातल्या जातात. शिवाय या ग्रंथाचे सर्वांत पहिले रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहे, म्हणजे महानुभावांची लिपी उलगडण्यापूर्वीचे. कोणी तेच रूप प्रमाण मानून यादवकालीन गद्याविषयी लिहू लागला, तर ज्या गद्यावर निबंध लिहायचा त्याचाच पत्ता त्या पुस्तकाला नाही, अशी अवस्था होईल.

फुकट मिळणाऱ्या जुन्या टीकाग्रंथांविषयी माझे मत येथे स्पष्टच सांगतो. जुनी संहिता आणि जुनी टीका यांना एकाच मापाने मोजू नये. संहिता जुनी झाल्याने तिचे मोल कमी होत नाही, टीका मात्र नव्या पुराव्यापुढे मागे पडू शकते. ‘विवेकसिंधु’ हा शके १११० चा म्हणजे ११८८ सालचा आद्य मराठी ग्रंथ, असे विधान जुन्या पुस्तकांत निःशंकपणे येते. त्या ग्रंथाचा काळ आणि मुकुंदराजांचे स्थान आंबेजोगाईचे की विदर्भातील आंभोऱ्याचे, यांविषयी नंतर बराच वाद झाला आहे. लातूरहून आंबेजोगाई जवळ. आपल्या भागातील विद्यार्थ्याला आंबेजोगाईच हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण केवळ हक्कमुक्त म्हणून हाती लागलेल्या जुन्या पुस्तकावर विसंबून तो वाद नसल्यासारखे लिहिणे, हा अभ्यास नव्हे. जुनी टीका वापरताना तिचे साल वाक्यातच सांगावे, म्हणजे ती आपल्या काळाची साक्ष म्हणून वाचली जाते. राजवाड्यांचे ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावरील विवेचन मी आजही विद्यार्थ्यांना वाचायला देतो. ते शतकापूर्वीचे आहे हे सांगूनच देतो.

राहिले ते बाजारातील मार्गदर्शक. त्यात बहुतेक वेळा एखाद्या समीक्षकाचे मत नाव न घेता दिलेले असते. विद्यार्थिनीने ते उचलले तर ती चोरीचा माल विकत घेते, असे मी थोडे कठोरपणे म्हणेन. आणि हे परीक्षकाला कळते कसे, तेही सांगतो. पाठचिकित्सेत एक साधे तत्त्व आहे. दोन पोथ्यांत बरोबर शब्द सारखे असले तर त्यावरून फारसे सिद्ध होत नाही, कारण बरोबर शब्द कोठूनही येऊ शकतो. पण दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक सारखी असेल, तर त्या एकाच मातृकेवरून उतरलेल्या असण्याचा संभव फार मोठा असतो. सामाईक चुकांवरून पोथ्यांची वंशावळ अशीच लावतात. उत्तरपत्रिकांचे तसेच असते. एका मार्गदर्शकात ग्रंथकाराच्या नावातील एक अक्षर चुकीचे छापले गेले की वेगवेगळ्या गावांच्या पंधरा-वीस वह्यांत तेच अक्षर त्याच जागी चुकते. परीक्षकाला मातृका शोधायला कोणतेही यंत्र लागत नाही.

दुसरी खूण शैलीची. साध्या, थोड्या अडखळत्या वाक्यांमध्ये अचानक ‘रूपबंध’, ‘आशयद्रव्य’, ‘कथनात्म अवकाश’ असे शब्द असलेला घडीव परिच्छेद येतो आणि पुढच्या ओळीत लेखन पुन्हा पूर्वीसारखे होते. अडखळते वाक्य मला चालते. त्या मधल्या परिच्छेदाला नाव असते, तर तोही चालला असता.

मूळ पुस्तक मिळतच नसेल तर काय करावे, हा प्रश्न आपल्या भागात खरा आहे. देगलूर, मुखेड, अहमदपूर, जळकोट येथे नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्याला विद्यापीठाचे ग्रंथालय दररोज गाठता येत नाही. अशा वेळी जे पुस्तक आपण पाहिले त्याचेच नाव द्यावे. लीळेतील ओळी एखाद्या समीक्षाग्रंथातून घेतल्या असतील, तर आधी लीळाचरित्राचा उल्लेख करून ‘अमुक यांच्या अमुक ग्रंथात उद्धृत, पृष्ठ अमुक’ असे लिहावे. न पाहिलेल्या आवृत्तीचा संदर्भ थेट देणे प्रामाणिक नव्हे, आणि धोक्याचेही आहे: त्या समीक्षकाने ओळ उतरवताना शब्द गाळला असेल, तर तो दोष आपल्या माथी येतो. मराठी विश्वकोशासारखे संकेतस्थळावर मोफत वाचता येणारे लेखन हीही एक सोय आहे. मात्र मोफत आणि हक्कमुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वकोशातील नोंदीचा संदर्भ नोंदीच्या शीर्षकासह आणि लेखकाचे नाव दिलेले असल्यास त्यासह द्यावा; ‘इंटरनेटवरून साभार’ हा संदर्भ होत नाही.

आधुनिक समीक्षेचे अवतरण किती लांब असावे, याविषयी माझे काही सहकारी म्हणतात की पदवीच्या निबंधात समीक्षकांची वाक्ये मुळीच नकोत, फक्त मूळ ग्रंथ पुरे. मला ते पटत नाही. समीक्षक नको म्हटले की विद्यार्थी समीक्षक वापरणे सोडत नाही, त्याचे नाव घेणे सोडतो. माझा आग्रह वेगळा आहे. समीक्षकाचे मत स्वतःच्या शब्दांत, त्याच्या नावासह आणि पृष्ठांकासह सांगावे. अवतरणचिन्हे तेव्हाच वापरावीत, जेव्हा त्याच्या शब्दयोजनेवरच आपल्याला काही म्हणायचे असते: एखादी संज्ञा त्याने घडवली असेल, किंवा त्याचे विधान आपण खोडून काढणार असू. आणि अवतरणानंतर आपले निदान एक वाक्य तरी असावे. ‘अनेक समीक्षकांच्या मते’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य मी तांबड्या शाईने अधोरेखित करतो. त्या अनेकांपैकी एकाचे तरी नाव सांगा, एवढेच माझे मागणे असते. समीक्षकाच्या वाक्यातील शब्द पालटून ते आपले करणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. शब्द पालटल्याने विचाराचा धनी पालटत नाही. नाव देऊन अख्खा परिच्छेद दिला तर फार तर निबंध आळशी ठरतो. नाव न देता त्याचा सारांश दिला तर तो अप्रामाणिक ठरतो.

एका ठिकाणी मात्र कायदा खरोखर आडवा येतो, आणि ते ठिकाण निबंधाच्या बाहेर आहे. लातूरला नोट्सची परंपरा मोठी आहे. एखादा हुशार विद्यार्थी तुळपुळे किंवा कुरुंदकर यांच्या पुस्तकांतील प्रकरणे झेरॉक्स करून, त्यांचे संच बांधून, पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विकतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स केंद्रावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी दावा लावला होता. त्याचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. शिकवण्यासाठी ठरवून दिलेल्या वाचनाच्या प्रती काढणे हा हक्कभंग नाही, असे न्यायालयाने म्हटले. खंडपीठाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पष्ट केले की पानांची मर्यादा नसली तरी घेतलेला मजकूर शिकवण्याच्या प्रयोजनापुरता असला पाहिजे. त्या निकालाचा आधार शिक्षकाने नेमून दिलेले वाचन हा होता. अभ्यासकेंद्रावर समंत्रकांनी सांगितलेल्या प्रकरणाची प्रत काढून घेणे त्यात बसते. अख्खे पुस्तक मोबाइलवर छायांकित करून गटावर टाकणे किंवा प्रकरणांचे संच नफ्यावर विकणे त्यात बसते असे मला वाटत नाही. राजवाडे, भावे, पांगारकर यांच्या पुस्तकांचे असे संच खुशाल बांधावेत. त्यांतील नंतरच्या संपादकांची प्रस्तावना आणि पुरवणी तेवढी आधी वेगळी काढावी.